अथेन्सचा मिअँडर आणि टायरमधला एबोरिक्स

इसवी सनापूर्वी सहावं शतक. इराणातल्या पासारगादे या नव्या राजधानीत एक धिप्पाड, गोरा माणूस येतो. भाषा त्याला उत्तम येते, पण दरबारी रीतीभाती ठाऊक नाहीत. चालणं-बोलणं तर अगदीच वेगळं. कोण, कुठला, असं विचारल्यावर तो सांगतो, मी मिअँडर, अथेन्सचा ग्रीक. तेवढ्यावर लोकांचं समाधान होतं.

हा माणूस म्हणजे विसाव्या शतकातला अमेरिकन मॅन्स एव्हरार्ड. पॉल अँडरसन या अमेरिकन विज्ञानकथालेखकाने 1955 मध्ये ‘टाइम पेट्रोल’ ही कथा लिहिली. पुढे अनेक वर्षं तो त्याच मालिकेत भर घालत राहिला. इतिहासात कुणी ढवळाढवळ करू नये म्हणून काळाच्या रस्त्यावर गस्त घालणारी एक गुप्त संघटना तिथे आहे आणि एव्हरार्ड तिचा हवालदार. वरचा प्रसंग 1959 सालच्या ‘ब्रेव्ह टू बी अ किंग’ या कथेतला. या कथांमधल्या हेरांना जुन्या भाषा यंत्राच्या मदतीने काही तासांत शिकवल्या जातात. त्यामुळे बोलण्याची अडचण लेखकाने सुरुवातीलाच मिटवून टाकली. उरतो तो नावाचा प्रश्न, आणि अँडरसनची हुशारी तिथेच दिसते.

नवख्या लेखकाला वाटतं, इराणात पाठवायचं म्हणजे अस्सल इराणी नाव द्यावं. ते नाव धोक्याचं ठरतं. इराणी नाव सांगितलं की पुढचा प्रश्न वडिलांचा, त्यापुढचा टोळीचा, आणि मग तुमच्या गावचा अमुक सरदार बरा आहे ना, असा. तिसऱ्या प्रश्नाला सोंग उघडं पडतं. ग्रीक नाव सांगितलं तर हे प्रश्न येतच नाहीत. उच्चार विचित्र आहेत, कारण तो ग्रीक आहे. मुजरा चुकला, तोही ग्रीक असल्यामुळेच. काळप्रवाशाच्या हातून चुका होणारच. त्या चुकांचं कारण आधीच देऊन ठेवणारं नाव त्याला हवं असतं. म्हणून त्याने परक्याचंच नाव घ्यायचं, आणि तो मुलुख असा हवा की लोकांनी त्याचं नाव ऐकलेलं असावं, पण तिथली माहिती कुणाला फारशी नसावी.

पासारगादेला ग्रीक माणूस दिसणं अशक्यही नव्हतं. तिथल्या दगडी बांधकामात आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ग्रीक आणि लिडियन पाथरवटांची पद्धत दिसते, असं पुरातत्त्वज्ञ सांगतात. लिडियाचा पराभूत राजा क्रीसस सायरसच्या पदरी राहिला, असं हिरॉडोटस लिहून गेला आहे. अँडरसनच्या कथेतही हा क्रीसस एव्हरार्डला भेटतो.

खुद्द ‘मिअँडर’ या नावाबद्दल मात्र थोडी शंका घ्यायला जागा आहे. हे नाव आशिया मायनरमधल्या एका नदीचं. ती इतकी वळणं घेते की नागमोडी वळणाला इंग्रजीत तिचंच नाव पडलं. नदीच्या नावावरून माणसांची नावं ग्रीकांत होती. सामोस बेटावरच्या मिअँड्रिअस नावाच्या माणसाची हकिकत हिरॉडोटसनेच दिली आहे. पण व्यक्तीच्या नावाला शोभणारं रूप ते आहे, नुसतं ‘मिअँडर’ नव्हे. शिवाय त्या नावाला वास येतो तो नदीकाठच्या मुलखाचा, अथेन्सचा नाही. इराणी पहारेकऱ्याला हे कळणार नाही. खरा अथेन्सकर भेटला असता तर त्याने भुवया नक्की उंचावल्या असत्या.

हाच एव्हरार्ड पुढे 1983 सालच्या एका कथेत राजा हिरामच्या काळातल्या टायर या फिनिशियन बंदरात उतरतो. हिराम हा बायबलमधल्या सॉलोमनचा समकालीन. म्हणजे काळ इसवी सनापूर्वी दहाव्या शतकाच्या आसपासचा. तिथे ग्रीक होऊन चालणार नव्हतं. फिनिशियन दर्यावर्दी, भूमध्य समुद्राच्या काठची माणसं त्यांच्या रोजच्या पाहण्यातली. म्हणून एव्हरार्ड आणखी उत्तरेला सरकतो आणि मध्य युरोपातला केल्ट होतो, नाव एबोरिक्स. उंची, गोरेपणा, निळे डोळे हे सगळं त्या नावाखाली आपोआप झाकलं जातं.

नावाची घडणही पाहण्यासारखी आहे. ‘रिक्स’ म्हणजे राजा. सीझरशी झुंजलेल्या व्हर्सिंजेटोरिक्सच्या नावात हेच शेपूट आहे. ‘एबो’ हा भाग यू या सदाहरित झाडाच्या जुन्या केल्टिक नावाशी जुळतो. शिवाय त्याचा आवाज एव्हरार्डच्या जवळ जातो, आणि गुप्त नावाच्या बाबतीत ही फार उपयोगाची गोष्ट आहे. गर्दीत कुणी हाक मारली तर मान चटकन वळली पाहिजे. पूर्ण अनोळखी नावाला माणूस क्षणभर उशिरा ‘ओ’ देतो, आणि तेवढ्यानेही संशय येऊ शकतो. या नावाची एक मर्यादा सांगायला हवी. केल्टिक नावांचे आपल्याला मिळणारे लेखी पुरावे टायरच्या त्या काळानंतर कित्येक शतकांनी सुरू होतात. एबोरिक्स हे नाव म्हणजे उत्तरकाळचं रूप मागे नेऊन बसवलेला, अभ्यासपूर्ण अंदाज आहे.

नाव स्वतः निवडता आलं तर एवढा विचार करता येतो. ‘ब्रेव्ह टू बी अ किंग’मध्ये एव्हरार्ड ज्याला शोधत आलेला असतो, त्या कीथ डेनिसनला ती सवड मिळालेली नाही. तो अभ्यासासाठी आला आणि हार्पागस नावाच्या सरदाराच्या हाती लागला. हार्पागसला राजाचा हरवलेला नातू हवा होता. त्याने या आगंतुकालाच नातू म्हणून उभं केलं आणि त्याला नाव मिळालं सायरस. ज्या सायरसचा इतिहास तपासायला तो आला, तो सायरस आता त्यालाच व्हावं लागलं. इतर टोपणनावं काम संपल्यावर उतरवून ठेवता येतात. या नावाच्या मागे राज्य आहे, फौज आहे, राणी आहे, आणि शाळेच्या पुस्तकात लिहिलेला पुढचा सगळा इतिहास आहे. तो नाव टाकून निघून गेला तर तो इतिहासच कोसळेल. मुंबईत पारशी घरांमधून आजही हे नाव ऐकू येतं, त्यामुळे मराठी वाचकाला या कथेची कळ थोडी जवळून लागते. अखेरीस एव्हरार्डला आणखी मागे जाऊन खरा राजपुत्र बाळपणीच मरणार नाही अशी व्यवस्था करावी लागते. तेव्हा कुठे डेनिसनची सुटका होते.

मागे उभं राहायला कुणी नसेल तर नुसत्या नावाने काय होतं, हे अँडरसनच्याच 1956 सालच्या ‘द मॅन हू केम अर्ली’ या कथेत दिसतं. विसाव्या शतकातला एक अमेरिकन सैनिक विजेच्या तडाख्यात सापडून हजार वर्षांपूर्वीच्या आइसलंडमध्ये जाऊन पडतो. तिथले लोक त्याला गेराल्ड सॅमसन म्हणतात, म्हणजे सॅमचा मुलगा गेराल्ड. आइसलंडमध्ये आडनाव नसतं, बापाचं नाव लावतात. ही चाल आजही टिकून आहे आणि तिथे माणसांची यादी पहिल्या नावाच्या क्रमाने लावतात. गेराल्डला नाव तर रीतीप्रमाणे मिळालं, पण त्या नावातला बाप तिथे कुठेच नाही. त्या समाजात खून झाला तर भरपाई द्यायला, पंचायतीत बाजू मांडायला, सूड घ्यायला भाऊबंद लागतात. गेराल्डच्या हातून माणूस मरतो तेव्हा त्याच्या बाजूने उभं राहणारं कुणी नसतं, आणि पिस्तूल हाती असलेला हा माणूस शिकारीसारखा मारला जातो. वाचताना गलबलून येतं.

हीच कसोटी महाराष्ट्रातल्या कथेला लावून पाहावी. समजा, आजच्या पुण्यातला आर्यन कुलकर्णी शिवकाळातल्या राजापूरच्या पेठेत पोचला. ‘आर्यन’ हे नाव तिथे कुणी ऐकलेलं नसणार, पण खरा घात ‘कुलकर्णी’ करील. तेव्हा ते नुसतं आडनाव नव्हतं, गावाचा हिशेब लिहिण्याचं वंशपरंपरागत वतन होतं. कुलकर्णी म्हटलं की कुठल्या गावचे, हा प्रश्न आलाच. गावाचं नाव घेतलं की तिथला खरा वतनदार कोण, हे सांगणारा कुणीतरी बाजारात भेटणार. खोटा वतनदार म्हणून पकडलं जाण्यासारखा दुसरा धोका नाही, कारण वतनावरून भाऊबंदांत पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालत.

त्यापेक्षा त्याने गोसावी व्हावं. दशनामी पंथात दीक्षा घेतली की घरचं नाव सुटतं आणि नव्या नावापुढे गिरी, पुरी, भारती असं पंथाचं नाव लागतं. त्यामुळे बापाचं नाव आणि गाव विचारण्याची सोयच राहत नाही. गोसावी मुलुखभर फिरत आणि व्यापारही करत, म्हणून त्यांच्या तोंडी हिंदुस्थानी मिसळलेली मराठी कुणाला खटकली नसती. ‘हरगिर’ एवढं नाव पुरे. मात्र गुरू कोण आणि मठ कोणता, या दोन प्रश्नांची उत्तरं घोकून जायला हवीत, कारण दुसरा गोसावी भेटला की तो तेच विचारणार.

तयारी करूनही नाव निसटतं. कॉनी विलिस यांच्या ‘डूम्सडे बुक’ या 1992 सालच्या कादंबरीत किव्हरिन ही इतिहासाची विद्यार्थिनी चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जाते. ‘इझाबेल द बोव्ह्रिए’ हे खानदानी नाव, यॉर्कशायरचं घराणं, अशी सगळी जन्मकथा तिने पाठ केलेली असते. पण पोचताच तिला सडकून ताप चढतो आणि ग्लानीत ती आपलं खरं नाव सांगून जाते. ऐकणाऱ्यांना ‘किव्हरिन’ हा शब्द ओळखीचा नाही, त्यांच्या कानाला तो ‘कॅथरिन’ लागतो. कष्टाने घडवलेली इझाबेल तिथेच संपते आणि किव्हरिनला लेडी कॅथरिन म्हणून जगावं लागतं. परकं नाव ऐकलं की कान त्याचं आपल्या ओळखीचं रूप करून घेतात, ही गोष्ट इथे फार सुरेख टिपली आहे.

मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातही असंच एक घडवलेलं नाव आहे, आणि ते एका खऱ्या माणसाने घेतलं होतं. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. ती डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांची होती. ज. वि. ना. ही आद्याक्षरं त्यांनी उलटी केली आणि त्यातून ना. वि. ज. झाले. नामवंत शास्त्रज्ञाचं नाव पाहून परीक्षकांचं मत झुकू नये, म्हणून ही खबरदारी होती. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून लिहून घेतली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि नंतर जगताप कोण ते परिषदेला कळलं.