फोनवर किती सांगायचं?

अपघातातल्या माणसाचा मोबाइल बहुतेक वेळा शाबूत असतो. कॅज्युअल्टीतली सिस्टर तो हातात घेते, लॉक असेल तर येणाऱ्या फोनची वाट बघते, नाहीतर शेवटच्या नंबरावर फोन लावते. पलीकडे स्वयंपाकघरात फोन वाजतो आणि स्क्रीनवर नाव येतं ‘अहो’. बायको फोन उचलते ती "कुठे आहात? येताना दही घेऊन या" असं बोलतच. मग अनोळखी आवाज येतो. त्या आवाजाने पुढच्या दोन मिनिटांत काय बोलावं, कुठल्या क्रमाने बोलावं आणि काय बोलू नये, याचं एक ठरलेलं टिपण कॅज्युअल्टीच्या टेबलावर असायला हवं. बऱ्याच ठिकाणी ते नसतं. ज्याचा हात मोकळा असेल तो फोन करतो आणि सुचेल ते बोलतो.

सुचतं ते साधारण दोन प्रकारचं. पहिला प्रकार मवाळ: "थोडं लागलंय, जमलं तर येऊन जा." नातेवाईक मग निवांत निघतात. कपडे, डबा, चार्जर भरतात, साडेनऊची एसटी पकडतात आणि पोचतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. दुसरा प्रकार याच्या उलट: "ताबडतोब या, फोनवर सांगता येणार नाही." हे वाक्य बोलणाऱ्याला वाटतं की आपण काहीच सांगितलं नाही. ऐकणाऱ्याला सगळं कळलेलं असतं, फक्त त्याला विचारायची सोय ठेवलेली नसते. पूर्वी तार यायची, ‘प्रकृती गंभीर, ताबडतोब निघा’ अशी, आणि ती वाचून वाड्यात रडारड सुरू व्हायची. जुलै 2013 मध्ये तारसेवा बंद झाली, तिची भाषा मात्र मोबाइलवर तशीच चालू आहे.

वाईट बातमी फोनवर टाळायची कशासाठी? ऐकणारी व्यक्ती दिसत नाही, हे पहिलं कारण. ती जिन्यावर उभी आहे, गॅससमोर आहे की दुचाकीवर हेल्मेटमध्ये फोन खोचून चालली आहे, काहीच कळत नाही. डॉक्टरांना वाईट बातमी सांगायला शिकवताना जगभर ‘स्पाइक्स’ नावाची सहा पायऱ्यांची पद्धत वापरतात. बेल, बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 2000 साली कर्करोगाच्या रुग्णांसाठी मांडली. तिची पहिलीच पायरी म्हणजे शांत खोली, बसायला खुर्ची आणि सोबत जवळचं माणूस. फोनवर ही पायरीच गायब असते. दुसरं कारण अधिक रुक्ष आहे, पण तितकंच खरं: ओळख चुकू शकते. खिशातलं आधारकार्ड मित्राचं असू शकतं, गाडी भावाची आणि मोबाइल सहकाऱ्याचा असू शकतो. नातेवाइकांनी पाहून ओळख पटवण्याआधी ‘तुमचे यजमान गेले’ असं सांगणं धोक्याचं आहे.

आता एक प्रसंग धरून चालू. पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगावच्या आसपास दुचाकीला धडक बसली. बावन्न वर्षांचा माणूस, हेल्मेट नाही, डोक्याला जबर मार. 108 च्या रुग्णवाहिकेने रुग्णालयात आणलं, छातीवर दाब देऊन हृदय सुरू करण्याचे प्रयत्न झाले, यश आलं नाही. सात वाजून पाच मिनिटांनी डॉक्टरांनी मृत्यू घोषित केला. बायको संगमनेरला आहे, साधारण दीड-दोन तासांच्या रस्त्यावर. घरात सासू आहे, मुलगा पुण्याला होस्टेलवर. आता सात पंचवीस झालेत.

फोन कोणी करायचा? ज्याने रुग्ण पाहिला आहे त्याने. रिसेप्शनवरच्या मुलीकडे किंवा वॉर्डबॉयकडे हे काम देऊ नये, कारण पहिल्याच प्रश्नाला त्यांना "मला माहीत नाही" म्हणावं लागतं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी नाहीतर इनचार्ज सिस्टरने केसपेपर समोर ठेवून, कोपऱ्यातल्या शांत जागेवरून आणि शक्यतो रुग्णालयाच्या लँडलाइनवरून बोलावं. लँडलाइनला आणखी एक कारण आहे. ‘तुमच्या मुलाचा अपघात झालाय, पैसे पाठवा’ असे ठगांचे फोन आता सर्रास येतात, म्हणून लोक अनोळखी नंबरावर विश्वास ठेवत नाहीत, आणि बरोबरच करतात. तेव्हा नंबर सांगून "हवं तर फोन ठेवून तुम्ही परत लावा" असं म्हणायचं. पैशाचा विषय या फोनवर काढायचाच नाही, अगदी डिपॉझिटचासुद्धा.

बोलणं साधारण असं होईल.

"नमस्कार. मी डॉक्टर बोलतोय, नारायणगावजवळच्या रुग्णालयातून. तुमच्या यजमानांचा फोन आमच्याकडे आहे. मी कोणाशी बोलतोय?" नाव कळल्यावर, "ताई, तुम्ही आत्ता कुठे आहात? घरी? जरा बसून घ्या. जवळ कोणी मोठं माणूस आहे का?" पलीकडची व्यक्ती गाडी चालवत असेल तर बाकी सगळं थांबवून आधी गाडी बाजूला घ्यायला सांगायचं. फोन लहान मुलाने उचलला तर "आईला दे" एवढंच म्हणायचं.

मग मुख्य वाक्य, आणि त्याआधी एका वाक्याची पूर्वसूचना. "ताई, गोष्ट काळजीची आहे. तुमच्या यजमानांचा अपघात झालाय. त्यांना आमच्याकडे आणलंय. डोक्याला फार मोठा मार लागलाय. तुम्ही आत्ताच निघून यायला हवं." इथे थांबायचं. पलीकडून किंचाळी येईल, शांतता येईल किंवा "काय? कुठे?" असं दोनदा-तीनदा येईल. घाईने ती पोकळी भरायची नाही. माणूस परत बोलायला लागला की तेच, त्याच शब्दांत, पुन्हा सांगायचं.

या चार-पाच वाक्यांतलं प्रत्येक वाक्य खरं आहे, हे पाहण्यासारखं आहे. ‘उपचार चालू आहेत’ असं डॉक्टर म्हणाले नाहीत, ‘आयसीयूत ठेवलंय’ असंही नाही. ही वाक्यं तोंडावर येतात, कारण त्यांनी ऐकणाऱ्याला धीर येतो. पण मोबाइलमध्ये फोनची वेळ राहते, सात पंचवीस. काही दिवसांनी हातात कागद येतात आणि त्यावर मृत्यूची वेळ असते, सात वाजून पाच मिनिटं. मग घरात हिशेब सुरू होतो: वीस मिनिटं आधीच गेले होते, तरी सांगत होते की उपचार चालू आहेत. आणखी काय काय लपवलं असेल? रुग्णालयांशी होणाऱ्या कित्येक भांडणांत संशयाचं मूळ असल्याच एखाद्या सोयीच्या वाक्यात असतं. न सांगणं आणि खोटं सांगणं यांतली रेघ या फोनवर फार बारीक आहे. ‘नरो वा कुंजरो वा’ करून ती पार करता येत नाही.

मग ती विचारते, "जिवंत आहेत ना?"

सगळं टिपण या एका प्रश्नावर उभं राहतं किंवा कोसळतं. रुग्ण जिवंत असेल तर उत्तर सोपं: "हो, आहेत. पण प्रकृती अतिशय गंभीर आहे, काहीही होऊ शकतं." नसेल तर पहिल्यांदा विचारल्यावर एवढं म्हणता येतं: "ताई, मला तुम्हाला समोर बसवून सगळं नीट सांगायचंय. तुमच्याजवळ कोणी आलंय का?" पुष्कळ लोक इथे थांबतात. त्यांना कळतं, पण त्या क्षणी ऐकायचं नसतं, आणि ती त्यांची निवड असते. पण तिने पुन्हा, सरळ विचारलं, "डॉक्टर, आहेत की नाहीत?" तर टाळाटाळ संपली. जवळ शेजारीण आली आहे याची खात्री करून, साध्या शब्दांत सांगायचं: "ताई, आम्ही खूप प्रयत्न केले. ते वारले." ‘आता आपल्या हातात काही राहिलं नाही’ असली धूसर भाषा वापरायची नाही. त्यातून आशा राहते आणि ती दोन तासांच्या प्रवासात वाढत जाते.

आपल्याकडे या ठिकाणी एक वेगळीच रीत आहे. बायकोला "लागलंय" सांगायचं, आणि दिराला बाजूला घेऊन खरं सांगायचं: "वहिनींना बोलू नका, फक्त घेऊन या." डॉक्टरांना हे सोयीचं वाटतं, घरच्यांनाही. होतं काय, तर दीर गाडी चालवतो तो डोळे पुसत. मागच्या सीटवर बसलेल्या दोन बायका एकमेकींकडे बघतात. आळेफाट्याच्या टपरीवर चहाला कोणी उतरत नाही. तोवर कोणा चुलतभावाने फॅमिली ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकलेली असते. सगळ्या गाडीला माहीत असतं आणि जिचा नवरा गेला तिलाच तेवढं अधिकृतपणे माहीत नसतं. दिराला फोन जरूर करावा, पण तो गाडी आणि सोबत यांसाठी. त्याने थेट विचारलं तर त्यालाही खोटं सांगू नये. मात्र त्याला निरोप्या करून बायकोचा हक्क त्याच्याकडे देणं बरं नव्हे.

फोनचा शेवटचा भाग रस्त्याचा. "स्वतः गाडी चालवू नका, दिरांना घेऊन या. घाईने गाडी पळवू नका. महामार्गावरून आत आल्यावर मागचं गेट आहे, कॅज्युअल्टीचं. तिथे आल्यावर अमुक सिस्टरला विचारा, त्या तुमची वाट बघत असतील. हा नंबर लिहून घ्या, वाटेत कधीही लावा." एक नाव देणं फार महत्त्वाचं, कारण ते नसेल तर नातेवाईक गेटवरच्या सिक्युरिटीला रुग्णाचं नाव सांगतात, तो रजिस्टर बघतो आणि म्हणतो, "ते होय, ते शवागारात." एवढी काळजी घेऊन जपलेली बातमी मग अशा रीतीने कळते. म्हणून फोन ठेवल्यावर पुढचा निरोप गेटवर द्यायचा.

या टिपणाला मर्यादा आहेत. माणूस दोन तासांवर असेल तर ‘या, मग बोलू’ चालतं. मुलगा दुबईत असेल किंवा मुलगी गुवाहाटीला, तर तिकीट काढण्यापूर्वी त्याला खरं कळायलाच हवं. रात्रभर विमानात अर्ध्या आशेवर बसवणं क्रूर आहे. अशा वेळी आधी त्याचा रूममेट किंवा शेजारी त्याच्याजवळ पोचेल असं बघायचं आणि मग फोनवरच स्पष्ट सांगायचं. एकटी राहणारी, हृदयविकाराची आई असेल तर आधी शेजारच्यांना तिच्याकडे पाठवून मग तिला फोन करायचा. आणि अपघाती मृत्यूत पोलिसांना कळवावं लागतं, पंचनामा आणि शवविच्छेदन होतं. पोलिसांचा फोन घरी आधी जाऊ नये म्हणून चौकीतल्या हवालदाराशी बोलून ठेवावं लागतं.

फोन झाला की केसपेपरवर नोंद करायची: कोणी फोन केला, कोणत्या नंबरावर, किती वाजता, कोणाशी बोलणं झालं आणि नेमकं काय सांगितलं. "पत्नीला अपघात व डोक्याची गंभीर इजा सांगितली. मृत्यू सांगितलेला नाही. दिरासोबत निघाल्या आहेत." आठ वाजता ड्यूटी बदलते. संगमनेरची गाडी सव्वानऊला येईल तेव्हा दारात नवा डॉक्टर असेल, आणि तिला किती माहीत आहे हे त्याला त्या तीन ओळींवरूनच कळणार आहे.