अर्ध्याचा हिशेब

बोरॉन निसर्गात दोन वजनांचा सापडतो, १० आणि ११. ऑक्सिजनशी जोडला की त्याचे दोन जुळे रेणू बनतात. दोघांतलं रासायनिक बंधन अगदी सारखं, फरक फक्त वजनाचा. १९२४-२५ च्या सुमारास रॉबर्ट मुलिकन या अमेरिकन शास्त्रज्ञाने या जुळ्यांच्या वर्णपटांतल्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. वजनदार रेणू जरा संथ कंप पावतो, म्हणून कंपनाची ऊर्जा ज्यांत गुंतलेली असते त्या पट्ट्या सरकलेल्या दिसणार, हे अपेक्षितच होतं. पण एक पट्टी अशी होती की तिच्यात कंपनाचा काही वाटाच नसायला हवा होता, कारण ती दोन्ही टोकांना कंपनाच्या सर्वांत खालच्या पायरीवरून निघत होती. ती तरी जुळायला हवी होती. तीही सरकलेली निघाली.

म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरही रेणू स्वस्थ नसतो. मुलिकनने पायऱ्यांना ०, १, २ असे क्रमांक न देता ½, १½, २½ असे दिले आणि सगळं जमलं. आकडे बसले, पण हा अर्धा आला कुठून हे कोणी सांगू शकत नव्हतं.

तेव्हा हाताशी असलेला नियम सोमरफेल्डचा होता आणि त्यात अर्ध्याला जागा नव्हती. एखादा कण ऊर्जेच्या विहिरीत, म्हणजे दोन्ही बाजूंना चढ असलेल्या जागेत, मागेपुढे हेलकावे खातो आहे असं समजू. तळाशी तो वेगात असतो, चढावर मंदावतो आणि एका जागी क्षणभर थांबून परत फिरतो. त्या जागेला वळणबिंदू म्हणू. कागदावर आडवी त्याची जागा x आणि उभा त्याचा संवेग p मांडला, तर एका पूर्ण हेलकाव्यात एक बंद वळसा तयार होतो. सोमरफेल्डचं म्हणणं असं की या वळशात कोंडलेलं क्षेत्रफळ प्लँकच्या स्थिरांकाच्या पूर्ण पटीतच असतं:

∮ p dx = n h

हा नियम का, याचं उत्तर नव्हतं. बऱ्याच ठिकाणी तो चालायचा, इतकंच.

१९२६ मध्ये श्रोडिंगरने कणासाठी लाटेचं समीकरण मांडलं. त्याच वर्षी जर्मन वेंत्सेल, डच क्रामर्स आणि फ्रेंच ब्रिलुएँ या तिघांनी आपापल्या वाटेने त्या समीकरणाचं अंदाजी उत्तर काढायची युक्ती वापरली. तिघांच्या आद्याक्षरांवरून तिला डब्ल्यूकेबी म्हणतात. गणित म्हणून ती नवी नव्हती. लिऊव्हिल आणि ग्रीन यांनी १८३७ मध्येच तिचा गाभा लिहून ठेवला होता आणि इंग्रज जेफ्रीजनेही या तिघांच्या आधी ती मांडली होती. नावं देण्याच्या बाबतीत भौतिकशास्त्र फारसं न्यायी नाही.

युक्तीचा आधार साधा आहे. कणाची एकूण ऊर्जा E आणि विहिरीची त्या जागेची ऊर्जा V(x) माहीत असेल, तर तिथला संवेग √(2m(E − V)) इतका. लाटेची लांबी म्हणजे h भागिले संवेग. विहीर सपाट असती तर ही लांबी सगळीकडे एकच राहिली असती. विहिरीचा उतार सौम्य असेल, एका लाटेच्या अंतरात V फारसा बदलत नसेल, तर प्रत्येक जागी त्या जागेची म्हणून एक तरंगलांबी आहे असं धरून पुढे जाता येतं. तळाशी लाटा दाट आणि कडेला लांब. लाटेची उंचीही ठरून जाते. कण जिथे मंद, तिथे त्याचा मुक्काम जास्त, म्हणून सापडण्याची शक्यता 1/p च्या प्रमाणात. शक्यता उंचीच्या वर्गाइतकी असल्यामुळे उंची 1/√p च्या प्रमाणात येते.

घोटाळा होतो तो वळणबिंदूपाशी. तिथे p शून्य, म्हणजे तरंगलांबी अनंत आणि उंचीही अनंत. लाट खरोखर तशी होत नाही, युक्तीच तिथे मोडते. ‘एका लाटेत V फारसा बदलत नाही’ ही अट अनंत लांबीच्या लाटेला कशी लागू करणार? आणि नेमकी हीच मोडलेली जागा आपल्या अर्ध्याचा उगम आहे.

या जागेवर उपाय असा. वळणबिंदूच्या अगदी लगतचा विहिरीचा छोटा तुकडा घेतला तर तो जवळजवळ सरळ उतारच असतो. सरळ उतारासाठी श्रोडिंगरचं समीकरण अंदाज न करता सोडवता येतं. त्याचं उत्तर म्हणजे एअरीचं फल, जे जॉर्ज एअरीने १८३८ मध्ये इंद्रधनुष्याच्या कडेशी प्रकाश कसा पसरतो याच्या हिशेबासाठी काढलं होतं. धनुष्याच्या उजळ बाजूला त्या फलात लाटा असतात आणि अंधाऱ्या बाजूला ते झपाट्याने विरत जातं. कणाचंही तसंच. वळणबिंदूच्या आत लाटा, आणि पलीकडे, जिथे जुन्या यांत्रिकीप्रमाणे कणाला प्रवेशच नाही, तिथे विरत जाणारी शेपटी. आता हे फल आतल्या बाजूला, वळणबिंदूपासून पुरेसं दूर, डब्ल्यूकेबीच्या लाटेशी जोडून पाहायचं. जोड बसते, पण एका ठरावीक सरकीसह: वळणबिंदूवर लाट कधीच शून्य होत नाही, तिचे ४५ अंश जणू पलीकडे सांडलेले असतात.

तंबोऱ्याच्या तारेशी ताडून पाहा. तार दोन्ही टोकांना घट्ट बांधलेली, टोकाशी हलूच शकत नाही. म्हणून तिच्यात अर्ध्या लाटा पूर्ण संख्येने बसतात: एक, दोन, तीन. अर्धी लाट म्हणजे १८० अंश. विहिरीतल्या लाटेची टोकं मात्र सैल आहेत. प्रत्येक टोकाला ४५ अंश, म्हणजे अर्ध्या लाटेचा चौथा हिस्सा, वळणबिंदूपलीकडे गेला. दोन टोकांचे मिळून दोन चौथे हिस्से, म्हणजे अर्धा. तारेत जिथे n + 1 अर्ध्या लाटा मावल्या असत्या, तिथे दोन वळणबिंदूंच्या मध्ये n + ½ च उरल्या. एक अर्धी लाट h/2 इतकी जागा घेते आणि हेलकावा जाऊन-येऊन दुप्पट होतो, म्हणून

∮ p dx = (n + ½) h, n = 0, 1, 2, …

मुलिकनच्या पट्ट्यांमधला अर्धा तो हाच. त्याचा रेणूशी किंवा बोरॉनशी खास संबंध नाही. विहीर कुठलीही असो, तिला दोन सौम्य कडा असल्या की झालं.

नियमाची परीक्षा बहुतेक पुस्तकं स्प्रिंगवर घेतात, जिथे V अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वळसा लंबगोल, क्षेत्रफळ E भागिले कंपनसंख्या, उत्तर E = (n + ½)hν. तंतोतंत बरोबर. माझ्या मते ही परीक्षा फसवी आहे. स्प्रिंगच्या बाबतीत नियमाच्या पुढच्या सगळ्या दुरुस्त्या शून्य होतात, त्यामुळे अंदाज किती चांगला आहे ते कळतच नाही. खरी परीक्षा चौथ्या घाताच्या विहिरीत, V = x⁴. तळाशी ती स्प्रिंगपेक्षा सपाट आणि कडांना जास्त उभी असते. एककं अशी घेऊ की समीकरण p² + x⁴ = E असं दिसेल आणि h भागिले 2π म्हणजे 1.

वळणबिंदू x = ±E^(1/4) वर. मधल्या अंतरावर √(E − x⁴) ची बेरीज केली की 1.748 × E^(3/4) मिळतं, आणि नियमाप्रमाणे ते (n + ½)π असायला हवं. n = 0 साठी E = 0.867 येतं. संगणकाने मूळ समीकरण काटेकोर सोडवलं तर 1.060. चूक १८ टक्के. पुढच्या पायरीवर अंदाज 3.752 आणि खरं उत्तर 3.800, चूक सव्वा टक्का. पाचव्या पायरीवर, म्हणजे n = 4 ला, 16.234 विरुद्ध 16.262, दोन दशांश टक्क्यांहूनही कमी. वर जाल तसा नियम सुधारत जातो.

पहिल्या पायरीवर तो का आपटतो हे खरं उत्तर ठाऊक नसतानाही ओळखता येतं. विहिरीच्या मध्यावरची तरंगलांबी काढायची आणि वळणबिंदूंमधल्या अंतराशी ताडायची. n = 0 ला मध्यावरची तरंगलांबी सहाच्या आसपास, आणि विहिरीची रुंदी जेमतेम दोन. एक लाटसुद्धा आत मावत नाही. मग ‘एका लाटेच्या अंतरात V फारसा बदलत नाही’ या म्हणण्याला काही अर्थच उरत नाही, आणि दोन्ही टोकांचे एअरीचे तुकडे एकमेकांवर चढतात. n = 4 ला तरंगलांबी 1.56 आणि रुंदी 4. आत अडीचेक लाटा, आणि तेवढ्यावरही चूक इतकी खाली येते. मोठमोठ्या n साठीच हा नियम वापरावा अशी सूचना पुस्तकांत असते, पण ती जरा जास्तच घाबरट आहे.

याच नियमातून आणखी एक गोष्ट फुकटात पदरी पडते. वळशाचं क्षेत्रफळ ऊर्जेबरोबर किती वेगाने वाढतं, तो आकडा म्हणजे हेलकाव्याचा काळ T. म्हणून शेजारच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर साधारण h/T. चौथ्या घाताच्या विहिरीत ऊर्जा वाढली की हेलकावा जलद होतो, तेव्हा पायऱ्या वर जाताना लांब लांब व्हायला हव्यात. खऱ्या उत्तरांत त्या तशाच आहेत: 2.74, मग 3.66, मग 4.19. रेणूच्या कंपनात उलटं घडतं. बंधन ताणलं की उतार सैल होतो, हेलकावा संथ होतो आणि तुटायच्या बेतात आलेल्या रेणूच्या पायऱ्या एकमेकींना चिकटत जातात.

विहिरीच्या मध्येच टेकाड असेल, म्हणजे दोन विहिरी शेजारी शेजारी, तर इतक्यावर भागत नाही. पलीकडे विरणारी शेपटी दुसऱ्या विहिरीत पोचते आणि एकेक पायरी दोन जवळजवळच्या पायऱ्यांत फुटते. तिथे टेकाडाच्या आतल्या शेपटीचाही हिशेब करावा लागतो.

आणि कडा सौम्य नसेल तर? मग अर्धा बदलतो. याचं उत्तम उदाहरण फ्रान्समधल्या ग्रनोब्लच्या प्रयोगशाळेत आहे. तिथे अतिशय संथ न्यूट्रॉन एका आडव्या आरशावर सोडले. खाली आरशाची कडक भिंत, वर गुरुत्वाकर्षणाचा सौम्य उतार. न्यूट्रॉन उसळतो, पण लाटेसारखा, ठरावीक उंच्यांवरच. आरशापाशी लाट तारेच्या टोकासारखी शून्य, तिथून काही सांडत नाही. वर मात्र ४५ अंश सांडतात. एकच चौथा हिस्सा गेला, म्हणून n + ½ ऐवजी n + ¾. या नियमाने सर्वांत खालच्या पायरीची उंची १३.६ मायक्रॉन येते. काटेकोर उत्तर १३.७. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात आरसा आणि त्यावरचा शोषक यांच्यामधली फट हळूहळू रुंद करत नेली, आणि सुमारे १५ मायक्रॉनपेक्षा अरुंद फटीतून न्यूट्रॉन जवळजवळ पारच होत नव्हते. ¾ च्या जागी ½ घातला असता तर उंची १०.४ मायक्रॉन आली असती.