भोक असलेली जोड-प्लेट: वजा नेमकं काय करायचं?

वस्तुमान केंद्राच्या गणितात सूत्र क्वचितच चुकतं. चूक होते ती आकृती वाचताना, आणि भोकाचं वस्तुमान कुठल्या घनतेने काढायचं हे ठरवताना. म्हणून आज एकच आकृती घेतो आणि तिच्यापाशीच थांबतो.

आकृती अशी आहे. एक आयताकार प्लेट आडवी काढलेली. खालच्या कडेला ३० लिहिलंय, डाव्या कडेला २०. प्लेटच्या आत एक उभी जोडरेषा आहे आणि तिच्या उजवीकडच्या भागावर १० असं माप दिलंय. डावा भाग तिरक्या रेघांचा, तो ॲल्युमिनियम; उजवा ठिपक्यांचा, तो पोलाद. डाव्या भागात एक गोल भोक आहे, त्याच्या बाणाशेजारी ⌀१० लिहिलंय. भोकाच्या केंद्रापासून वरच्या कडेपर्यंत ६, आणि केंद्रापासून जोडरेषेपर्यंत ८. खाली बारीक अक्षरांत: सर्व मापे सेमीमध्ये, जाडी सर्वत्र ०.५, आकृती प्रमाणात नाही.

ती शेवटची ओळ आधी वाचा. प्रमाणात नाही म्हणजे पट्टी लावून काहीही मोजायचं नाही, डोळ्यांना भोक मध्यावर दिसलं तरी ते मध्यावर आहे असं धरायचं नाही.

आता आरंभबिंदू डाव्या खालच्या कोपऱ्यात ठेवू. भोकाचं केंद्र कुठे? घाईत बरेच जण (८, ६) लिहितात, कारण आकृतीवर तेच दोन आकडे दिसतात. पण ६ हे अंतर वरच्या कडेपासून आहे, म्हणून y = २० − ६ = १४. आणि ८ जोडरेषेपासून. जोडरेषा x = ३० − १० = २० वर आहे, म्हणजे x = १२. केंद्र (१२, १४).

⌀ हे चिन्ह व्यासाचं, तेव्हा त्रिज्या ५. छपाईत ते चिन्ह पुसट असेल तर बाण बघा: वर्तुळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला तर व्यास, केंद्रातून निघाला तर त्रिज्या. इथे आकृती स्वतःच साक्ष देते. १० ही त्रिज्या असती, तर केंद्रापासून वरची कड फक्त ६ वर असल्यामुळे भोक प्लेटच्या बाहेर गेलं असतं. भोक आकृतीत पूर्ण गोल आहे, म्हणजे १० हा व्यासच.

आता वस्तुमानं. ॲल्युमिनियमची घनता २.७ आणि पोलादाची ७.८ ग्रॅम प्रति घनसेमी धरू. जाडी ०.५ आहे, म्हणून एका चौरस सेमीला ॲल्युमिनियम १.३५ ग्रॅम आणि पोलाद ३.९ ग्रॅम. भोक नाही असं समजून ॲल्युमिनियमचा २० × २० चा तुकडा ५४० ग्रॅमचा, केंद्र (१०, १०). पोलादाचा १० × २० चा तुकडा ७८० ग्रॅमचा, केंद्र (२५, १०).

भोकाचं क्षेत्रफळ २५π, म्हणजे ७८.५४ चौरस सेमी. जिथे भोक आहे तिथे आधी ॲल्युमिनियम होतं, म्हणून वजा होणारं वस्तुमान ७८.५४ × १.३५ = १०६.०३ ग्रॅम. यालाच आपण ऋण वस्तुमान म्हणतो. नाव गूढ वाटतं, पण अर्थ साधा आहे: आधी मोजलेलं, पण प्रत्यक्षात नसलेलं वस्तुमान परत काढून घेणं.

x = (५४०×१० + ७८०×२५ − १०६.०३×१२) / (५४० + ७८० − १०६.०३)
x = २३६२७.६ / १२१३.९७ ≈ १९.४६ सेमी

y = (१३२०×१० − १०६.०३×१४) / १२१३.९७ ≈ ९.६५ सेमी

उत्तर पडताळायला एक छान युक्ती आहे. भोक पाडण्याआधीचं वस्तुमान केंद्र (१८.८६, १०) वर होतं. भोक त्याच्या डावीकडे आणि वर, तेव्हा नवं केंद्र उजवीकडे आणि खाली सरकायला हवं. तसंच झालंय. शिवाय भोकाचं केंद्र, जुनं केंद्र आणि नवं केंद्र हे तिन्ही एकाच सरळ रेषेवर येतात; x मध्ये ०.६० आणि y मध्ये −०.३५ एवढी सरक, तर जुन्या केंद्रापासून भोकापर्यंत −६.८६ आणि ४. गुणोत्तर जुळतं, दिशा बरोबर उलटी. चिन्हाची गडबड किंवा १४ च्या जागी ६ टाकल्याची चूक इथे लगेच पकडली जाते.

पण ही युक्ती एक चूक पकडत नाही, आणि तीच सगळ्यात फसवी आहे. कोणी म्हणतं, प्लेट १३२० ग्रॅमची, क्षेत्रफळ ६००, म्हणजे सरासरी २.२ ग्रॅम, तेवढ्याने भोक गुणू. वजा होतात १७२.८ ग्रॅम आणि x येतो १९.९०. उत्तर जवळचं दिसतं, दिशाही बरोबर, तिन्ही बिंदू एका रेषेतही! कारण भोकाचं वस्तुमान चुकलं तरी केंद्र त्याच रेषेवर सरकतं, फक्त जास्त सरकतं. चार मिलिमीटरहून जास्त चूक अशी निसटून जाते.

त्यावर माझा उपाय क्रम बदलण्याचा. आधी भोक ज्या तुकड्यात आहे त्यातूनच वजा करा: ॲल्युमिनियम उरलं ४३३.९७ ग्रॅम, त्याचा x ९.५१. मग त्याला पोलाद जोडा. उत्तर १९.४६ च येतं, पण सरासरी घनता डोक्यात शिरायला जागाच राहत नाही.

आणखी एक उत्तर दिसतं, १५.४५. हे नुसत्या क्षेत्रफळांनी काढलेलं असतं, म्हणजे आकाराचं भौमितिक केंद्र. एकाच पदार्थाच्या, समान जाडीच्या प्लेटमध्ये दोन्ही एकच असतात आणि शाळेपासून आपण बहुतेक तशीच गणितं करत आलोय, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो. इथे फरक चार सेमीचा आहे. आकृतीत रेघा आणि ठिपके वेगळे का काढलेत, हा प्रश्न सुरुवातीलाच विचारला तर ही चूक होत नाही.

आता तेच भोक जोडरेषेवरच पाडलं तर? केंद्र (२०, १०) धरा. काढलेल्या चकतीचा अर्धा भाग ॲल्युमिनियम, ५३.० ग्रॅम, अर्धा पोलाद, १५३.२ ग्रॅम. चकती गोल असली तरी तिचं वस्तुमान केंद्र वर्तुळाच्या केंद्रावर नाही. अर्धवर्तुळाचं केंद्र व्यासापासून 4r/3π अंतरावर असतं, इथे २.१२ सेमी. म्हणून काढलेल्या चकतीचं केंद्र जोडरेषेच्या उजवीकडे

(१५३.२ − ५३.०) × २.१२ / २०६.२ ≈ १.०३ सेमी

येतं. x = २०.०० ऐवजी २१.०३ घेऊन वजा केलं की प्लेटचं केंद्र १८.४६ वर येतं. वर्तुळाचं केंद्र घेतलं असतं तर १८.६५ आलं असतं. भोक जोडरेषेवर असूनही बरोबर अर्ध्यावर नसेल, तर अर्धवर्तुळांऐवजी लहान-मोठे वर्तुळखंड येतात आणि त्यांची क्षेत्रफळं व केंद्रं वेगळी काढावी लागतात. बाकी पद्धत हीच.