चार मिनिटांचा फरक

आज रात्री दहा वाजता व्याधाचा तारा समोरच्या इमारतीच्या कठड्यावर दिसला, तर उद्या तो तिथे दहाला चार मिनिटं कमी असतानाच येईल. पंधरा दिवसांनी नऊ वाजताच. घड्याळ मात्र बरोबर असतं.

पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात स्वतःभोवतीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पूर्ण करते. हा नाक्षत्र दिन. पण तेवढ्या वेळात ती सूर्याभोवती जवळपास एक अंश पुढे सरकलेली असते. सूर्य पुन्हा माथ्यावर यायला तिला आणखी अंशभर वळावं लागतं आणि त्याला चार मिनिटं लागतात. म्हणून सरासरी सौर दिन २४ तासांचा. वर्षभरात ही मिनिटं साठून पूर्ण एक फेरी होते: ३६५ दिवसांत पृथ्वी ३६६ वेळा फिरते.

बुधावर हेच गणित थक्क करतं. तो सूर्याभोवती ८८ दिवसांत फिरतो, स्वतःभोवती सुमारे ५९ दिवसांत. म्हणजे एका वर्षात दीड फेरी. सूर्यप्रदक्षिणेची एक फेरी वजा केली की उरतो अर्धा दिवस! तिथे एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत १७६ दिवस, म्हणजे बुधाची दोन वर्षं जातात.

शुक्र उलटा फिरतो, म्हणून तिथे वजाबाकीऐवजी बेरीज होते. स्वतःभोवतीची फेरी २४३ दिवसांची, वर्ष २२५ दिवसांचं, तरी सूर्य ११७ दिवसांनीच पुन्हा उगवतो, तोही पश्चिमेला.