गृहीतमध्य पद्धत : अंदाज चुकला तरी उत्तर बरोबर कसं येतं?

दहावीच्या सांख्यिकीत गृहीतमध्य पद्धत येते. मुलं सूत्र पाठ करतात, गुणही मिळवतात. पण एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, मध्य माहीत नसताना आपण मनानेच एक संख्या धरली, तरी उत्तर बरोबर कसं?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्या मिहानचंच एक उदाहरण घेऊन त्याचं उत्तर शोधू या.

मिहानमध्ये कामाला येणारे कुणी जवळच्या खापरीतून येतात, कुणी बर्डीहून मेट्रोने, तर कुणी थेट कामठीहून. समजा, अशा ४० जणांना घरून कामावर पोहोचायला लागणारा वेळ आपण मिनिटांत लिहून घेतला. (आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत.)

| वेळ (मिनिटे) | वर्गमध्य | माणसे (वारंवारता) |
|---|---|---|
| १०-२० | १५ | ४ |
| २०-३० | २५ | ८ |
| ३०-४० | ३५ | १२ |
| ४०-५० | ४५ | ८ |
| ५०-६० | ५५ | ८ |

मधल्या वर्गाचा वर्गमध्य ३५ आहे, तोच गृहीतमध्य धरू. आता प्रत्येक वर्गमध्यातून ३५ वजा करा. विचलनं येतात −२०, −१०, ०, १०, २०. प्रत्येक विचलनाला त्या वर्गातल्या माणसांच्या संख्येने गुणा : −८०, −८०, ०, ८०, १६०. बेरीज ८०. ती ४० जणांत वाटली की प्रत्येकी २. म्हणून मध्य = ३५ + २ = ३७ मिनिटे.

आता मुद्द्याचं. हे "प्रत्येकी २" काय आहे? आपला अंदाज जेवढ्याने चुकला, तेवढाच तो आकडा आहे. खरा मध्य ३७, आपण धरला ३५. त्यामुळे ४० पैकी प्रत्येकाचं विचलन खऱ्यापेक्षा २ ने जास्त मोजलं गेलं. ४० जणांचे २-२ मिळून ८० झाले. म्हणजे बेरजेत उरलेले ८० हे आपल्या चुकीच्या अंदाजाचं माप आहे. पद्धत ते माप काढते आणि अंदाजात मिळवून टाकते.

खात्री करायची असेल तर ४५ धरून पाहा. गुणाकार येतात −१२०, −१६०, −१२०, ०, ८०. बेरीज −३२०, भागिले ४० म्हणजे −८. आणि ४५ − ८ = ३७. उत्तर तेच.

मग गृहीतमध्य थेट ३७ च धरला तर? चूकच नाही, म्हणून बेरीज शून्य यायला हवी. पाहू : −२२ × ४ = −८८, −१२ × ८ = −९६, −२ × १२ = −२४. ऋण बाजू −२०८. दुसरीकडे ८ × ८ = ६४ आणि १८ × ८ = १४४, म्हणजे २०८. जमा-खर्च बरोबर!

हा योगायोग नाही. सगळ्यांचे मिळून १४८० मिनिटे होतात. मध्य काढणं म्हणजे हीच मिनिटं ४० जणांत सारखी वाटणं, प्रत्येकी ३७. आता सगळ्यांची विचलनं मिळवताना आपण १४८० मधून ३७ चाळीस वेळा वजा करतो. ३७ × ४० पुन्हा १४८० च! म्हणून शून्य. दुसरी कोणतीही संख्या चाळीस वेळा वजा केली तर काहीतरी उरणारच. म्हणजे शून्य फक्त खऱ्या मध्यालाच मिळतं.

मुलांना हा शून्य पडताळ्यासाठी वापरायला शिकवा. नेहमीची चूक म्हणजे ८० ला ४० ऐवजी वर्गांच्या संख्येने, ५ ने, भागणं. मग मध्य ५१ येतो. ५१ पासून विचलनं काढून वारंवारतेने गुणली तर बेरीज −५६० येते, चूक लगेच दिसते. मात्र पडताळ्यातही वारंवारतेने गुणायला विसरू नका. नुसती −२२, −१२, −२, ८, १८ मिळवली तर −१० येतात आणि बरोबर उत्तरही चुकीचं वाटतं. मध्य दशांशात येऊन तो जवळच्या अंकात लिहिला असेल, तर थोडी शिल्लक राहते. ती चूक समजू नये.

पडताळ्याची मर्यादाही सांगा. वर्गमध्यच चुकीचे लिहिले, समजा १५ ऐवजी २०, २५ ऐवजी ३० असे वरच्या मर्यादा घेतल्या, तर मध्य ४२ येईल आणि बेरीज तरीही शून्यच येईल. शून्य फक्त आकडेमोड तपासतो, तक्ता तपासत नाही. म्हणून आधी वर्गमध्याचा रकाना नीट पाहायचा, मग विचलनाला हात घालायचा.