फिट आली तर आधी घड्याळ बघा

समजा, पुण्यातल्या एका ऑफिसात अकाउंट्स सांभाळणारी तरुणी आहे. तिला अपस्मार आहे. गोळ्या नियमित चालू आहेत, तरी वर्षाकाठी एखादी फिट येते. मॅनेजरला तिने हे सांगितलं आहे. शेजारी बसणाऱ्या सहा जणांना सांगायचं की नाही, हे मात्र तिनेच ठरवायचं. मॅनेजरने काळजीपोटी का होईना, परस्पर सांगितलं तर ती पुढचं काहीच सांगणार नाही.

म्हणून दोघांनी आधी बसून ठरवावं: कुणाला सांगायचं, किती सांगायचं, ती स्वतः बोलणार की मॅनेजर, आणि त्या वेळी तिला तिथे थांबायचं आहे का. ठरलेला मजकूर एका कागदावर लिहून तिला वाचायला द्यावा. आजार कधीपासून आहे, कशामुळे झाला, गोळ्या कुठल्या, हे सहकाऱ्यांना कळायची गरज नसते. तिची फिट कशी दिसते आणि तेव्हा काय करायचं, एवढं पुरे. उद्या तिचं मन बदललं, तर नव्याने रुजू होणाऱ्यांना सांगू नये.

कागदावरची पहिली ओळ असावी, ‘घड्याळ बघा.’ अंग ताठ होऊन झटके येणारी फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. बघणाऱ्याला मात्र ती फार लांबल्यासारखी वाटते. तेवढ्या वेळात खुर्ची-टेबल बाजूला सारावं, डोक्याखाली ओढणी किंवा स्वेटर ठेवावा, चष्मा काढावा, गळ्याभोवतीचं सैल करावं. हातपाय दाबून धरू नयेत. दातखीळ बसली म्हणून चमचा घालू नये. दात तुटतात, जबडा दुखावतो. कांदा किंवा चप्पल हुंगवून, हातात किल्ल्या देऊन फिट थांबत नाही. झटके ओसरले की तिला कुशीवर वळवावं, म्हणजे लाळ बाहेर येते आणि श्वास मोकळा राहतो. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीही देऊ नये.

फिट पाच मिनिटांवर गेली, शुद्ध येण्याआधीच दुसरी आली, श्वास नीट चालेना किंवा डोक्याला मार लागला, तर लगेच १०८ ला फोन करावा. एरवी एकाने जवळ बसून, ‘तू ऑफिसातच आहेस, घाबरू नकोस,’ असं सांगत राहावं. बाकीच्यांनी पांगावं. काही वेळ ती गोंधळलेली असेल, तिला झोपही येईल.

फिटमध्ये काय घडलं, हे बहुधा तिला आठवत नाही. किती मिनिटं चालली, सुरुवात कुठल्या हातापासून झाली, मान कुठे वळली, हे बघणाऱ्यानेच टिपून तिला द्यावं. डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो. व्हिडिओ तर त्याहून उपयोगी. पण तो काढायचा का, कुणी काढायचा आणि नंतर कुणाकडे ठेवायचा, हेही त्याच कागदावर आधीच लिहिलेलं हवं, कारण त्या दोन मिनिटांत तिला विचारता येणार नसतं.