दिवसभरात दीड सेंटिमीटर जातो कुठे?

महाराष्ट्र पोलीस भरतीत पुरुष उमेदवाराची उंची किमान १६५ सेंटिमीटर लागते. काठावरच्या मुलांसाठी हा आकडा फार कठोर ठरू शकतो, कारण माणसाची उंची दिवसभर एकसारखी राहतच नाही. समजा, एखादा मुलगा सकाळी सहाला अंथरुणातून उठताक्षणी १६६ सेंटिमीटर भरला. तो तासाभराने १६५च्या आसपास येईल आणि रात्री झोपायला जाईपर्यंत १६४च्या थोडाच वर उरेल. पट्टी तीच, मुलगाही तोच. फरक फक्त वेळेचा.

ही गोष्ट तीनशे वर्षांपूर्वीच कुणाच्या तरी नजरेत भरली होती. इंग्लंडमधल्या एनहो गावचे धर्मगुरू वॅसी यांनी डॉ. मीड यांना लिहिलेल्या पत्रात सकाळ-रात्रीच्या उंचीतला फरक नोंदवला आणि १७२४च्या सुमारास ते पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. पुढे १९३५मध्ये डी पुकी यांनी हजाराहून अधिक लोकांची मापे घेतली. दिवसभरात साधारण एक टक्का उंची कमी होते, लहान मुलांत हे प्रमाण जास्त आणि म्हाताऱ्यांत कमी असते, असे त्यांना आढळले. १९८५मध्ये टायरेल, रायली आणि ट्रूप यांनी अधिक काटेकोर मोजणी केली. तरुण माणसे दिवसाला सरासरी १९ मिलिमीटर उंची गमावतात आणि त्यातली निम्म्याहून जास्त उठल्यानंतरच्या पहिल्याच तासात जाते, असे त्यांनी दाखवले. गमावलेल्यापैकी सुमारे ७० टक्के उंची रात्रीच्या पूर्वार्धातच परत येते.

ही उंची पायांतून जात नाही. टाचेखालची चरबी आणि गुडघ्यातली कूर्चा थोडी दबते, पण मुख्य घट पाठीच्या कण्यात होते. आपल्या मणक्यांच्या मध्ये एकूण २३ गाद्या असतात. डॉक्टर त्यांना डिस्क म्हणतात. कण्याच्या लांबीचा जवळजवळ चौथा हिस्सा या गाद्यांचा असतो. मानेतल्या गाद्या पातळ आणि कमरेतल्या जाड, साधारण एक सेंटिमीटरच्या. दिवसाची दीड-पावणेदोन सेंटिमीटरची घट २३ गाद्यांत वाटली, तर एकेकीच्या वाट्याला मिलिमीटरभरही येत नाही. मात्र वाटणी समसमान होत नाही. जाड असलेल्या आणि जास्त वजन पेलणाऱ्या कमरेच्या गाद्या जास्त चेपतात.

गादीचे दोन भाग असतात. बाहेर चिवट तंतूंची कडी, एकावर एक अशा पंधरा-वीस थरांची. प्रत्येक थरातले तंतू तिरपे असतात आणि लगतच्या थरातले त्याच्या उलट्या दिशेने तिरपे, त्यामुळे कडी कुठल्याही बाजूने ओढली तरी काही थर ताण घेतातच. या कडीच्या आत गर असतो. तरुणपणी या गरात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असते. हे पाणी डबक्यासारखे साचलेले नसते. फालुद्यातला सब्जा जसे पाणी स्वतःभोवती धरून ठेवतो, तसे ॲग्रेकन नावाचे मोठाले रेणू ते धरून ठेवतात. या रेणूंवर ऋण विद्युतभार असतो. तो सोडियमचे धन कण आपल्याभोवती जमवतो आणि त्या क्षारांच्या मागोमाग पाणी आत शिरते. पाणी शिरले की गर फुगतो. तो किती फुगावा हे बाहेरची कडी आणि वरून येणारे वजन ठरवते.

गादी दिवसभर काय करते, हे या ओढाताणीतून कळते. आत ॲग्रेकन पाणी ओढत असते, वरून शरीराचे वजन आणि पाठीच्या स्नायूंचा जोर ते बाहेर ढकलत असतो. आपण उभे राहिलो की वजनाची सरशी होते. गादीच्या वरखाली कूर्चेचा पातळ पापुद्रा असतो. त्यातून आणि कडीतून पाणी हळूहळू पाझरून आजूबाजूच्या ऊतींत जाते. पण पाणी जसे कमी होते, तसे उरलेल्या गरात ॲग्रेकन दाट होत जाते आणि त्याची पाणी धरण्याची ताकद वाढते. म्हणून पहिल्या तासात भराभर होणारी घट पुढे मंदावते. संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीत येतात. पहिल्या तासाच्या घसरणीत केवळ पाण्याचा वाटा नसतो. वजन पडताच कडीचे तंतू थोडे ताणतात आणि गादी कडेने किंचित फुगते, त्यामुळेही उंची उतरते.

रात्री हेच उलट होते. आडवे पडल्यावर गादीवरचे वजन किती घटते, हे जर्मनीतल्या उल्म इथल्या विल्के आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजले. त्यांनी ४५ वर्षांच्या एका निरोगी स्वयंसेवकाच्या कमरेतल्या गादीत दाब मोजणारा बारीक संवेदक बसवला, त्याच्या रोजच्या हालचालींत दाब नोंदवला आणि १९९९मध्ये निष्कर्ष छापले. निवांत पडलेले असताना दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो होता, उभे राहिल्यावर पाच किलो. पाठ वाकवून वीस किलोचे ओझे उचलताना तो २३ किलोपर्यंत गेला. गुडघे मुडपून उचलल्यावर १७ किलो. हा एकाच माणसाचा आकडा आहे, तरी फरकाचे मान त्यातून कळते. सर्वांत बोलकी नोंद रात्रीची होती. माणूस गाढ झोपलेला, वरून काहीही वाढलेले नाही, तरी सात तासांत दाब एकाचा दोनाहून अधिक झाला. गादी पाणी ओढून फुगत होती आणि कडी तिला अडवत होती, म्हणून आतला दाब चढला.

झोपेत पाठ आडवी असणे मात्र गरजेचे आहे. बसल्यावर कमरेच्या गादीवरचा दाब उभे असल्याच्या जवळपासच असतो. भरतीसाठी रात्रभर एसटीच्या सीटवर बसून आलेल्या मुलाच्या गाद्या पूर्ण भरलेल्या नसतात. तोच मुलगा आदल्या दिवशी पोहोचून नीट झोपला असता, तर पट्टीखाली थोडा उंच भरला असता. मोजणीआधी अर्धा तास आडवे पडल्यानेही काही मिलिमीटर परत मिळतात. आडव्या दांड्याला लटकल्याने मिळणारी उंचीही याच हिशेबातली असते आणि काही वेळ उभे राहिल्यावर ती निघून जाते. लटकून उंची कायमची वाढवून देण्याच्या जाहिराती म्हणूनच पोकळ असतात.

मोजमापातला हा घोळ मुलांच्या बाबतीत जास्त महत्त्वाचा ठरतो. शाळकरी मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते, म्हणजे तीन महिन्यांत सव्वा ते दीड. जूनमध्ये त्याला सकाळी मोजले आणि सप्टेंबरमध्ये संध्याकाळी, तर मधली वाढ कागदावरून पुसलीच जाईल आणि घरचे उगाच काळजीत पडतील. ब्रिटनमधल्या व्हाइटहाउस आणि टॅनर यांनी १९७४मध्ये यावर एक रीत सुचवली. मोजणाऱ्याने मुलाच्या कानामागच्या हाडांना खालून हलका आधार देऊन डोके वर उचलायचे, म्हणजे दिवसाचा फरक बराच कमी होतो. घरी मात्र सोपा उपाय एकच: दर वेळी दिवसाच्या एकाच वेळी मोजायचे.

उंचीपुरता हा विषय गमतीचा आहे, कमरेपुरता नाही. पहाटे गादी टच्च भरलेली असते. त्यामुळे दोन मणके एकमेकांपासून जास्त दूर असतात, मागचे अस्थिबंध आधीच ताणलेले असतात आणि गादीला वाकायला जागा कमी उरते. ॲडम्स, डोलन आणि हटन यांनी १९८७मध्ये हा हिशेब मांडला. पुढे वाकताना गादीवर येणारा ताण दिवसाच्या उत्तरार्धापेक्षा सकाळी सुमारे ३०० टक्क्यांनी जास्त आणि अस्थिबंधांवरचा ८० टक्क्यांनी जास्त असतो, असे त्यांना दिसले. कडीचे मागचे तंतू आधीच झिजलेले असतील, तर अशा वेळी गर तिथून बाहेर सरकण्याचा धोका वाढतो. ज्याला आपण ‘गादी सरकली’ म्हणतो, तो हाच प्रकार. गर शेजारच्या नसेवर दाबला गेला की कळ कमरेत थांबत नाही. ती नितंबातून गुडघ्याखाली उतरते आणि खोकला-शिंक आल्यावर वाढते.

अमेरिकेत स्नूक आणि सहकाऱ्यांनी यावर अगदी साधा उपाय करून पाहिला. जुनाट कंबरदुखी असलेल्यांना त्यांनी उठल्यानंतरचे पहिले दोन तास पुढे वाकणे टाळायला शिकवले. दुखण्याचे दिवस स्पष्टपणे कमी झाले; १९९८मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या घरांत नेमकी याच वेळी वाकण्याची कामे निघतात. केरसुणीने झाडणे, नळाखालची भरलेली बादली उचलणे, बुटांच्या नाड्या बांधणे, आणि सूर्यनमस्कारातले हात जमिनीला टेकवणे. धडधाकट पाठीला यातले काही बाधत नाही. पण ज्याची कंबर वरचेवर धरते, त्याने नमस्कार तास-दोन तास पुढे ढकलावेत, लांब दांड्याचा झाडू घ्यावा, नाड्या पाय स्टुलावर ठेवून बांधाव्यात. बादली अर्धीच भरावी आणि गुडघे मुडपून उचलावी. पायात बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा सुटला किंवा गुदद्वाराभोवतीची संवेदना गेली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच इस्पितळ गाठावे.

वयानुसार गादीतले ॲग्रेकन तुटत जाते आणि पाणी धरण्याची ताकद घटते. म्हातारपणी सकाळ-रात्रीचा फरक कमी होतो आणि उंचीची काही घट कायमची राहते. पण तिलाही मर्यादा आहे. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त उंची गेली असेल, तर दोष केवळ गाद्यांवर ढकलू नये. ठिसूळ झालेला एखादा मणका फारसा न दुखताच दबलेला असू शकतो. घरातल्या वडीलधाऱ्यांची उंची वर्षातून एकदा, ठरलेल्या वेळी मोजून लिहून ठेवा, आणि एवढी घट दिसली तर डॉक्टरांना दाखवून हाडांची तपासणी करून घ्या.